टर्फवरची पकड

भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये उभ्या असलेल्या इंजिनाच्या चाकांपाशी वाकून बघितलं, तर रुळाकडे तोंड वळवलेली एक नळी दिसते. ती वाळूची नळी. हजारो अश्वशक्तीचं इंजिन, मागे मालगाडी, आणि पावसाने ओले झालेले रूळ अशी वेळ आली की चाक जागच्या जागी फिरू लागतं. मग चालक या नळीतून चिमूट-चिमूट कोरडी वाळू चाकाखाली सोडतो आणि गाडी हलते. पोलादी चाक रुळाला टेकतं ते जेमतेम एका चौरस सेंटिमीटरच्या आसपास. इंजिनाची सगळी ताकद त्या नखाएवढ्या जागेतून जाते, आणि ती जागा निसटली तर ताकद वाया जाते.

हॉकी खेळणाऱ्या मुलीचं किंवा मुलाचं असंच आहे. मांड्यांमधलं बळ, मनगटातली कला, वर्षानुवर्षांचा सराव हे सगळं जमिनीपर्यंत पोहोचतं ते बुटाच्या सोलमधून. तो सोल कसा असावा हे जमीन ठरवते. हॉकीची जमीन गेल्या पन्नास वर्षांत इतकी बदलली, की भुसावळमधल्या दुकानात सहज मिळणारे फुटबॉलचे स्टडवाले बूट घालून पुण्या-मुंबईच्या टर्फवर उतरलेला चांगला खेळाडूही पहिल्या पाच मिनिटांत गोंधळून जातो. तो सावकाश धावत नसतो, घाबरलेलाही नसतो. त्याचे पाय जमिनीशी नीट जोडलेलेच नसतात. हे असं का होतं, हे समजून घेताना घर्षणाविषयी शाळेत शिकलेल्या कितीतरी गोष्टी नव्याने कळतात.

आधी जमिनीविषयी. हॉकीचं मूळ गवतात, आणि आपल्याकडे मातीत. रेल्वेच्या, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या आणि छावणीच्या गावांनी मुरमाच्या मैदानांवर ही हॉकी जिवंत ठेवली. धनराज पिल्ले घडला तो पुण्याजवळच्या खडकीत, अशाच एका फॅक्टरी वसाहतीत. 1976 साली माँट्रिअल ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम टर्फवर झाली. 1928 पासून तोवर ज्या स्पर्धेतून भारत कधी पदकाशिवाय परतला नव्हता आणि 1972 मध्येही कांस्यपदक घेऊन आला होता, तिथे तो सातवा आला. त्याची कारणं अनेक होती, पण एक गोष्ट खेळाडूंच्या पायांखालीच होती. नायलॉनच्या त्या गालिच्यावर चेंडू उसळत नाही, अडत नाही, सरळ आणि वेगात जातो. खेळाडूला थांबायला, वळायला आणि पुन्हा सुटायला मिळणारा वेळ त्यामुळे कमी झाला. खेळाचा वेग वाढला, तशी पायांकडून असलेली अपेक्षाही वाढली.

आज आंतरराष्ट्रीय दर्जाचं हॉकी टर्फ म्हणजे काय असतं, तर सर्वांत खाली डांबर किंवा काँक्रीटचा सपाट थर, त्यावर रबराचा लवचिक गादीसारखा थर, आणि त्यावर प्लॅस्टिकच्या धाग्यांचा अतिशय दाट गालिचा. या धाग्यांची उंची साधारण 12 मिलिमीटर असते. त्यांच्यात वाळू नाही, रबराचे दाणे नाहीत. फक्त पाणी. सामन्याआधी आणि मध्यंतरात तोफांसारख्या मोठ्या फवाऱ्यांनी मैदान भिजवतात. पाण्यामुळे चेंडू एकसारखा घसरतो, पडलेल्या खेळाडूची कातडी भाजल्यासारखी सोलून निघत नाही आणि उन्हाने तापलेलं प्लॅस्टिक थोडं निवतं. पिंपरीच्या नेहरूनगरमधलं मेजर ध्यानचंद स्टेडियम, जिथे 2021 च्या डिसेंबरमध्ये पुरुषांची वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा झाली, किंवा चर्चगेटजवळचं मुंबईचं हॉकी स्टेडियम, अशा ठिकाणी हा ओला गालिचा पायाखाली येतो.

फुटबॉलचं कृत्रिम मैदान दुरून असंच हिरवं दिसतं, पण त्याची घडण पूर्ण वेगळी. तिथे धागे 40 ते 60 मिलिमीटर लांब, विरळ, आणि त्यांच्या मुळांशी वाळू व रबराच्या बारीक दाण्यांचा थर भरलेला. हा भराव मातीचं काम करतो. गावोगावी झालेली बॉक्स क्रिकेटची टर्फं बहुतेक याच वळणाची असतात. फुटबॉलच्या बुटाचा स्टड अशा भरावात, किंवा खऱ्या गवताखालच्या मातीत, रुततो. रुतणं हेच त्याचं काम. जमिनीत शिरलेला खुंट बाजूने ढकलला तर जमीन त्याला अडवते, आणि त्या अडवण्यालाच खेळाडू पकड म्हणतो.

आता तोच स्टड हॉकीच्या टर्फवर ठेवून बघू. कडक जमिनीसाठीच्या फुटबॉल बुटाचे स्टड साधारण 10 ते 13 मिलिमीटर लांब असतात. गालिचा 12 मिलिमीटरचा, तोही इतका दाट की बोट घालायला जागा नाही. त्याखाली विणलेला पाया आणि रबराचा थर. स्टडला रुतायला मातीच नाही. तो धागे दाबत खाली जातो आणि टेकून थांबतो. खेळाडू मग सोलवर उभा राहत नाही, दहा-बारा टणक टोकांवर उभा राहतो.

हे डोळ्यांसमोर यावं म्हणून एक साधं गणित करू. समजा, फुटबॉलच्या बुटाला 12 स्टड आहेत आणि प्रत्येकाचं टोक 10 मिलिमीटर व्यासाचं आहे. एका टोकाचं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटरहून किंचित जास्त, बाराही मिळून साडेनऊच्या आत. दुसरीकडे हॉकीचा टर्फ बूट, त्याच्या सोलवर 8 मिलिमीटर व्यासाचे 80 रबरी दाणे आहेत असं धरू. एक दाणा अर्धा चौरस सेंटिमीटर, सगळे मिळून 40. साठ किलोचा खेळाडू क्षणभर एका पायावर आला, तर स्टडच्या टोकाखाली दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोंहून जास्त भार येतो, रबरी दाण्यांखाली दीड किलो. आणि हे सगळे स्टड टेकलेले असताना. धावताना चवडाच टेकतो, म्हणजे सहा-सात स्टड. खेळून आल्यावर तळपायाला ठरावीक जागी जे दुखरे गोल ठिपके जाणवतात, ते या भाराचे ठसे असतात.

शाळेत आपण शिकतो की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. पोलाद, लाकूड, टणक प्लॅस्टिक यांच्यासाठी ते बऱ्यापैकी खरं आहे. रबर मात्र हा नियम पाळत नाही. मऊ रबर दाबलं की समोरच्या पृष्ठभागाच्या बारीक उंचसखलपणात भरून बसतं, जितकी जास्त जागा स्पर्शात येईल तितकं जास्त धरतं. शिवाय ते सरकू लागलं की प्रत्येक उंचवट्याशी वाकतं आणि परत सरळ होतं, आणि त्या वाकण्यात धावण्याची ऊर्जा खर्ची पडते. टर्फ बुटाचे दाणे मऊ रबराचे आणि संख्येने भरपूर असतात ते म्हणूनच. प्रत्येक दाणा धाग्यांच्या जाडीत थोडासा दबतो, आजूबाजूचे धागे त्याच्याभोवती उभे राहतात. चिकटून धरणं आणि अडकून धरणं, दोन्ही एकदम घडतं. फुटबॉलचा स्टड टणक प्लॅस्टिकचा असतो. त्याची सगळी मदार अडकण्यावर. अडकायला माती नसली आणि वर पाण्याचा थर असला, तर ओल्या फरशीवर टेकवलेल्या प्लॅस्टिकसारखा तो निसटतो.

निसटण्याची किंमत किती? समजा, आपली खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या डीकडे सेकंदाला 6 मीटर वेगाने धावते आहे आणि चेंडू अडल्यामुळे तिला तीन मीटरच्या आत थांबायचं आहे. त्यासाठी तिच्या पायांना तिच्या वजनाच्या सुमारे सहा दशांश इतकं आडवं बल जमिनीकडून मिळायला हवं. भौतिकशास्त्राच्या भाषेत घर्षणांक 0.6. बुटाने तेवढं दिलं, तर ती तीन मीटरमध्ये थांबते. बुटाने 0.4 च दिलं, तर तिला सुमारे साडेचार मीटर लागतात. हा दीड मीटरचा फरक म्हणजे चेंडू मागे राहिला, स्टिक पोहोचेना, आणि मागून येणाऱ्या बचावपटूने तो उचलला. मैदानाबाहेरच्या माणसाला वाटतं, हिला नियंत्रण नाही. नियंत्रण तिच्याजवळ असतंच, पायाखाली ते पोहोचत नसतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग जितकी पकड जास्त तितकं चांगलं. माझ्या दृष्टीने या विषयातली सगळ्यात आश्चर्याची गोष्ट इथेच सुरू होते, कारण पकड एक नसते, दोन असतात. एक सरळ रेषेतली, जी घसरू देत नाही. दुसरी वळणातली, जी पाय जागच्या जागी फिरू देत नाही. खेळाडूला पहिली भरपूर हवी आणि दुसरी बेताची. पहिली कमी पडली तर चेंडू जातो. दुसरी जास्त झाली तर गुडघा जातो.

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदतात. पुढचा तो एसीएल, खेळाडूंच्या तोंडी असलेलं नाव. पाऊल जमिनीला घट्ट धरलेलं आहे, गुडघा थोडा वाकलेला आहे, आणि वरचं शरीर वेगाने वळलं, तर त्या वळणाचा पीळ पावलातून बाहेर पडू शकत नाही. तो वर चढतो आणि गुडघ्यात अडकतो. अनेकदा कोणी धक्काही दिलेला नसतो. खेळाडू नुसता वळतो, आत काहीतरी तुटल्याचा आवाज येतो, आणि काही तासांत गुडघा सुजतो. पाऊल त्या क्षणी थोडं फिरलं असतं, तर पीळ जमिनीतच संपला असता.

बुटाच्या सोलचा याच्याशी संबंध आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या शाळांनी. तिथले अमेरिकन फुटबॉल खेळणारे विद्यार्थी पाऊण इंच लांबीचे सात स्टड असलेले बूट घालायचे. जोसेफ टॉर्ग या अस्थिरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे बूट बदलून चौदा स्टडचे बूट दिल्यावर काय झालं ते मांडलं. नव्या बुटांचे स्टड निम्म्या लांबीचे होते. गुडघ्याच्या दुखापती संख्येनेही कमी झाल्या आणि तीव्रतेनेही. खेळ तोच, मुलं त्याच वयाची. स्टड दुप्पट झाले, लांबी अर्धी झाली, आणि गुडघे वाचले.

मग 1996 मध्ये अमेरिकेतलाच आणखी एक अभ्यास आला. तीन वर्षं, तीन हजारांहून जास्त शालेय खेळाडू, चार प्रकारचे सोल. त्यातल्या एका प्रकारात सोलच्या कडेकडेने लांब, अनियमित आकाराचे स्टड होते आणि मध्ये छोटे टोकदार. या बुटाला पीळ देऊन फिरवायला इतर सगळ्यांपेक्षा जास्त जोर लागत होता, आणि तो घालणाऱ्यांमध्ये एसीएल तुटण्याचं प्रमाणही लक्षणीयरीत्या जास्त निघालं. याचं कारण दाराच्या कडीपेक्षा अवघड नाही. दार बिजागरीजवळ धरून उघडायला जड जातं, कडीपाशी धरलं की हलकं, कारण तिथे तेच बल जास्त पीळ निर्माण करतं. पाय चवड्यावर फिरतो, तेव्हा फिरण्याचा बिंदू अंगठ्याच्या मुळाशी असतो. त्या बिंदूपासून लांब, म्हणजे बुटाच्या कडेला, अडकलेला प्रत्येक स्टड फिरण्याला जास्त विरोध करतो. मध्याजवळचे दाणे तेवढीच सरळ पकड देतात, पण वळण्याला कमी विरोध करतात.

फुटबॉलच्या कृत्रिम मैदानांची चाचणी घेताना फिफा हेच मोजते. स्टड लावलेली एक तबकडी 46 किलो भाराखाली मैदानावर सोडतात आणि ती फिरवायला किती पीळ लागतो ते बघतात. मैदान उत्तीर्ण व्हायला उत्तर 25 ते 50 न्यूटन-मीटरच्या मध्ये यावं लागतं. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी अडीच ते पाच किलोचं वजन लटकवलं की साधारण एवढा पीळ होतो. या चाचणीत खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. पकड कमी असलेलं मैदान नापास होतं आणि जास्त असलेलंही.

आता हॉकीच्या ओल्या टर्फवर स्टडचा बूट सर्वांत वाईट का, ते उघड होतं. सरळ धावताना टणक टोकं घसरतात, म्हणून खेळाडू नकळत पाय जास्त जोरात आपटू लागतो. जोरात आपटलेला स्टड कधीतरी धाग्यांच्या मुळाशी पोहोचतो, विणीत अडकतो, आणि नेमका त्या वेळी खेळाडू वळत असला तर पाय सुटत नाही. एकाच बुटाने एका पावलाला पकड कमी आणि पुढच्या पावलाला नको तितकी जास्त. खेळाडूला कोणत्या पावलावर भरवसा ठेवायचा ते कळत नाही. त्यात टोकांवर उभं राहिल्याने टाच जमिनीपासून सेंटिमीटरभर वर गेलेली असते. कडेकडेने पावलं टाकताना, म्हणजे बचावात हॉकीपटू सतत जे करतो ते करताना, बाहेरच्या कडेचे दोन स्टडच टेकतात आणि घोटा बाहेर मुरगळतो.

आता हॉकीच्या बुटाचा सोल बघू. चांगल्या टर्फ बुटाखाली दाण्यांची दाट रांग असते, पण ते सगळे एका आकाराचे नसतात. बाहेरच्या कडेने बहुधा कोन असलेले, नागमोडी किंवा त्रिकोणी दाणे, कारण थांबताना आणि कडेला ढकलताना धारदार कडा लागते. नागमोडी रेषेची गंमत अशी की तिची कुठली ना कुठली बाजू प्रत्येक दिशेला आडवी पडते, त्यामुळे पुढे, मागे, तिरपं, कुठेही ढकललं तरी काहीतरी धरायला असतं. अंगठ्याच्या मुळाशी मात्र अनेक बुटांत दाणे गोल असतात, किंवा गोल वर्तुळात मांडलेले असतात. पाय फिरायला हवा ती ही जागा. गोल दाण्याला कोपरा नाही, म्हणून तो फिरताना अडत नाही. दाण्यांच्या मधल्या वाटा रिकाम्या सोडलेल्या असतात, त्या पाण्यासाठी. पाऊल टेकलं की धाग्यांतलं पाणी बाहेर पळायला वाट हवी, नाहीतर दाणा पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो आणि धाग्याला भिडतच नाही. बूट जुना होतो तेव्हा हे सगळं हळूहळू मिटतं. आधी दाण्यांच्या कडा गोल होतात, मग चवड्याखालचे दाणे बसके होतात, वाटा उथळ होतात. वरून बूट धडधाकट दिसतो, पण ओल्या टर्फवर तो संपलेला असतो.

सगळी कृत्रिम मैदानं पाण्याची नसतात. काही ठिकाणी धाग्यांत वाळू भरलेली असते, कारण पाणी आणि फवाऱ्यांची यंत्रणा महाग पडते. वाळूच्या टर्फवर सुटे कण दाण्याखाली गोट्यांसारखे फिरतात, म्हणून तिथे दाणे थोडे उंच आणि लांब लांब असलेले बरे पडतात. पाण्याच्या टर्फवर ते ठेंगणे आणि दाट हवेत. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली पाणी कमी लागणारं टर्फ वापरलं गेलं आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघालाही कोरड्या टर्फकडे जायचं आहे. उन्हाळ्यात चाळिशीच्या कितीतरी पुढे तापणाऱ्या आणि पाणी मोजून वापरणाऱ्या खानदेशाला हा बदल फार मोलाचा ठरेल. त्या दिवशी सोलही पुन्हा बदलतील. कोरड्या धाग्यांवर रबर जास्त धरतं, तेव्हा वळणातली पकड आणखी सांभाळावी लागेल.

फुटबॉलचा बूट असा का, याचं उत्तर खेळाच्या नियमातच आहे. फुटबॉलपटूला पायाने चेंडू अनुभवायचा असतो, म्हणून त्याचा बूट पातळ, हलका, पावलाला चिकटलेला, टाचेखाली जवळपास गादी नसलेला. खालच्या मऊ मातीने हादरा सोसायचा असतो. हॉकीत मैदानावरच्या खेळाडूने पायाने चेंडू अडवला तर तो नियमभंग. हॉकीच्या बुटाला चेंडूशी काहीच देणंघेणं नाही, त्याने फक्त जमिनीकडे बघायचं. म्हणून त्याला टाचेखाली जाड गादी परवडते, आणि ती लागतेही, कारण गालिच्याखाली डांबर किंवा काँक्रीट आहे. पूर्वी सत्तर मिनिटांचा असलेला सामना आता पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांत खेळला जातो, पण हादरे काही कमी झालेले नाहीत.

बुटाचं पुढचं टोकही वेगळं. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा खेळाडू बघा. तो पळत येतो, डावा पाय लांब टाकून टाचेवर आपटतो, शरीर वाकवून स्टिकच्या कडेला चेंडू अडकवतो आणि तो ओढत, सगळं अंग पिळून, गोलकडे भिरकावतो. या एका हालचालीत डाव्या टाचेला जबरदस्त ब्रेक लागतो आणि लगेच डाव्या चवड्याला वळू द्यावं लागतं. उजवा पाय मागे राहतो आणि त्याचं टोक टर्फवर घासत येतं. रोज शंभरेक फ्लिकचा सराव केला, तर साधा बूट अंगठ्यापाशी लवकरच फाटतो. हॉकीच्या बुटाला पुढे रबराची जाड टोपी असते ती यासाठी, आणि 156 ते 163 ग्रॅमचा टणक चेंडू बोटांवर आदळतो त्यासाठीही.

पायाखालची जमीन ओळखून बूट बदलण्याची जाण आपल्या हॉकीत जुनी आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना, 15 ऑगस्ट, समोर जर्मनी, मैदान पावसाने ओलं. मध्यंतराला भारत फक्त 1-0 ने पुढे होता. त्यानंतर ध्यानचंद यांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले आणि रबरी सोलवर, काहींच्या सांगण्यानुसार अनवाणीच, खेळले, अशी त्या सामन्याची हकिकत सांगितली जाते. भारत 8-1 ने जिंकला. ते गवत होतं, आजचं टर्फ नव्हे, आणि विजयाचं सगळं श्रेय सोलला देणं चुकीचं होईल. पण जगातला सर्वोत्तम हॉकीपटू मध्यंतरात बुटांचा विचार करत होता, एवढं या हकिकतीतून नक्की दिसतं.

भुसावळ, जळगाव, धुळ्यात मुरमाच्या मैदानावर सराव करणाऱ्या आणि वर्षातून कधीतरी टर्फवर उतरणाऱ्या मुलांनी काय घ्यावं? खास हॉकीचे बूट महाग असतात आणि इकडच्या दुकानांत सहज दिसत नाहीत. पण फुटबॉलच्याच बुटांमध्ये एक प्रकार असतो, ज्याच्या खोक्यावर किंवा सोलवर TF ही अक्षरं असतात. त्याखाली स्टड नसतात, बारीक रबरी दाण्यांची दाट रांग असते. हॉकीच्या टर्फवर तो बऱ्यापैकी चालतो. टाचेची गादी हॉकीच्या बुटाइतकी नसते आणि टोक लवकर झिजतं, तरी गुडघ्याच्या दृष्टीने तो योग्य बाजूचा आहे. FG किंवा SG लिहिलेले बूट खऱ्या गवताचे, ते टर्फवर नकोतच. AG लिहिलेल्यांना स्टड जास्त आणि आखूड असतात, पण ते भराव असलेल्या फुटबॉल टर्फसाठी, 12 मिलिमीटरच्या गालिच्यासाठी नव्हेत. धावण्याचे बूटही नकोत. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, आणि कडेला पाऊल टाकलं की पाय तिच्यावरून कलंडतो.

दुकानात दोन गोष्टी हातानेच कळतात. दाण्यावर नख दाबा, थोडं आत गेलं पाहिजे. आत गेलं नाही तर ते कडक प्लॅस्टिक आहे. मग बूट दुमडून बघा, तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध नव्हे. घरी सोल ओला करून वर्तमानपत्रावर पाऊल दाबलं की जमिनीला नेमकं काय टेकतं त्याचा ठसा मिळतो. ठशात भरपूर छोटे ठिपके आले तर ठीक, दहा-बारा मोठे आले तर तो बूट माती-गवताचा.

मुरमावर हाच TF बूट चालतो. कडक मुरमात स्टडही रुतत नाही, आणि सैल खड्यांवर मऊ रबर जास्त धरतं. स्टडला खरा वाव मिळतो तो पावसाळ्यात, काळी माती भिजून चिकट झाली की. त्या महिन्यांत ते जरूर घाला. मात्र एकच जोडी दोन्हीकडे वापरत असाल, तर टर्फवर जाण्याआधी दाण्यांमधला मुरूम ब्रशने धुऊन काढा. अडकलेले खडे पकड मारतात आणि गालिच्याचे धागेही कापतात.

प्रशिक्षकांना आणि पालकांना एवढीच विनंती. संघ पुण्याच्या किंवा मुंबईच्या गाडीत बसायच्या आधल्या दिवशी प्रत्येकाचा सोल तपासा. ज्याच्याकडे फक्त स्टडचे बूट असतील, त्याला दुसऱ्या कोणाची TF जोडी मापात बसते का ते बघा, नाहीतर संघाच्या खर्चात एक जोडी धरा. एसीएल तुटल्यावर होणारी शस्त्रक्रिया आणि मैदानाबाहेर जाणारे नऊ-दहा महिने यांच्यापुढे तो खर्च अगदीच थोडा आहे.